आणेवारी ते लेखापरीक्षण : उभ्या पिकाच्या अंदाजाचा इतिहास आणि कृषी कंपनीचा ताळेबंद

सारांश

शेतात उभे असलेले पीक आणि गोठ्यातील जनावरे यांना आधुनिक लेखाशास्त्रात ‘जैविक मालमत्ता’ असे संबोधले जाते. त्यांचे मूल्य ताळेबंदात दाखविण्याचा प्रश्न नवा असला, तरी उभ्या पिकाचा अंदाज कोणी, कसा व कोणाच्या हितासाठी करावयाचा हा प्रश्न फार जुना आहे. प्रस्तुत शोधनिबंधात कणकूत, आणेवारी आणि पीक कापणी प्रयोग या तीन टप्प्यांचा मागोवा घेतला आहे. त्या इतिहासातून मिळणारे निकष ऊस पिकविणाऱ्या कृषी कंपनीच्या लेखापरीक्षणास कसे लागू पडतात, याचे विवेचन एका उदाहरणाच्या आधारे केले आहे.

बीजसंज्ञा : उभे पीक, आणेवारी, पीक कापणी प्रयोग, जैविक मालमत्ता, पशुधन, लेखापरीक्षण.

प्रस्तावना

गोदामातील साखरेची पोती मोजता येतात. यंत्राची किंमत खरेदीच्या पावतीवरून कळते. शेतातील उसाची स्थिती मात्र निराळी आहे. तो ३१ मार्च रोजी उभा असतो, वाढत असतो आणि त्याचे वजन त्या दिवशी कोणालाही ठाऊक नसते. कंपनीचा व्यवस्थापक हेक्टरी उताऱ्याचा एक आकडा सांगतो, त्यास क्षेत्राने व भावाने गुणले जाते आणि येणारी रक्कम मालमत्ता म्हणून ताळेबंदात दाखल होते. या साखळीतील सर्वांत नाजूक कडी म्हणजे उताऱ्याचा आकडा होय.

हा आकडा तपासण्याचे शास्त्र लेखापालांनी निर्माण केलेले नाही. ते महसूल प्रशासन व कृषी संख्याशास्त्र यांच्याकडून आलेले आहे आणि त्याच्या जडणघडणीत मुंबई इलाखा व वऱ्हाड या प्रदेशांचा, तसेच मराठी संशोधकांचा मोठा वाटा आहे. अंदाज करणाऱ्याचे हित ज्या बाजूस असते, त्या बाजूस त्याचा अंदाज झुकतो. हा झुकाव अधिक अनुभवाने किंवा अधिक पाहणीने दूर होत नाही, तर मोजण्याची जागा निवडण्याचा अधिकार त्याच्या हातून काढून घेतल्यानेच दूर होतो, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

कणकूत आणि आणेवारी

अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘आईन-ए-अकबरी’ या ग्रंथात महसूल ठरविण्याच्या पद्धतींमध्ये ‘कणकूत’ या पद्धतीचे वर्णन आढळते. कण म्हणजे धान्य आणि कूत म्हणजे अंदाज. या पद्धतीत प्रथम जमीन साखळीने अथवा पावलांनी मोजली जाई आणि नंतर जाणकार माणसे उभ्या पिकाकडे पाहून उत्पन्न ठरवीत. शंका उत्पन्न झाल्यास चांगले, मध्यम व हलके अशा तीन प्रतींचे पीक प्रत्यक्ष कापून अंदाज पडताळावा, अशीही सूचना तेथे दिलेली आहे. अंदाजावर वाद झाला तर कापणी करून पाहावे, हे तत्त्व चारशे वर्षांपूर्वीच मान्य झालेले होते असे यावरून दिसून येते. तथापि, चांगले शेत कोणते व हलके कोणते, हे ठरविण्याचे काम अंदाज करणाऱ्याकडेच राहिले होते.

ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यात शेतसारा रोख व दीर्घ मुदतीसाठी निश्चित करण्यात आला. त्यामुळे दरवर्षी पिकाचा अंदाज करण्याची गरज नाहीशी होईल असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु दुष्काळाच्या वर्षी सारा तहकूब करावयाचा तर पीक किती बुडाले हे ठरविणे आवश्यक होते. यासाठी आणेवारीचा अवलंब करण्यात आला. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे मानून चालू वर्षाचे पीक किती आणे आहे, हे महसूल अधिकारी नजरपाहणीने ठरवीत. हीच रीत पुढे उत्पादनाच्या सरकारी अंदाजांतही वापरली गेली. क्षेत्र, सर्वसाधारण उतारा आणि आणेवारी या तिघांचा गुणाकार म्हणजे उत्पादन, असे ते सूत्र होते.

या सूत्रातील क्षेत्र हा घटक बऱ्याच अंशी मोजलेला होता. उरलेले दोन्ही घटक मात्र मनातील प्रतिमांवर अवलंबून होते. सोळा आणे पीक कसे असते, याची प्रत्येकाची कल्पना वेगळी असे. आणि आजचे पीक त्या कल्पनेच्या किती आणे आहे, हेही नजरेनेच ठरे. अंदाज चुकला तर नेमके कोणत्या घटकात चुकले, हे सांगण्याचा मार्ग त्यात उपलब्ध नव्हता.

खेडा, १९१८ : अंदाजाचा वाद

या उणिवेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे गुजरातमधील खेडा जिल्ह्यातील सत्याग्रह होय. हा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात समाविष्ट होता. १९१७ मधील अतिवृष्टीने तेथील पिकांची मोठी हानी झाली. महसुली नियमांप्रमाणे पीक चार आणे किंवा त्याहून कमी असल्यास त्या वर्षीचा सारा पूर्णतः तहकूब करण्याची मागणी शेतकऱ्यास करता येत असे. सरकारी आकड्यांप्रमाणे पीक चार आण्यांहून अधिक होते, तर शेतकऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे ते त्याहून कमी होते. भारत सेवक समाजाच्या वतीने देवधर, ना. म. जोशी व अमृतलाल ठक्कर यांनी तेथे जाऊन चौकशी केली. महात्मा गांधींच्या नेतृत्वाखाली मार्च १९१८ मध्ये नडियाद येथे सत्याग्रहास प्रारंभ झाला आणि जूनमध्ये तो समाप्त झाला.

खेडा सत्याग्रहाचा राजकीय इतिहास सर्वपरिचित आहे. लेखापरीक्षणाच्या अभ्यासकास महत्त्वाची वाटावी अशी बाब निराळी आहे. दोन्ही पक्षांना नियम मान्य होता, वाद केवळ आकड्याचा होता. सारा वसूल करणारे सरकारच पिकाचा अंदाज करीत होते आणि तो अंदाज उच्च असण्यात त्याचे हित होते. शेतकऱ्याचे हित नीच अंदाजात होते. अशा स्थितीत त्रयस्थ पंचांकरवी चौकशी व्हावी ही मागणी पुढे आली. परंतु तिच्याकडे सरकारने आपल्या अधिकारावरील आक्रमण या दृष्टीने पाहिले. ज्याचा आकडा तपासावयाचा त्याच्याहून वेगळ्या माणसाने तो तपासावा, या लेखापरीक्षणाच्या मूलभूत तत्त्वाची मागणी येथे उभ्या पिकाच्या संदर्भात करण्यात आली होती.

तथापि, पंच नेमले गेले असते तरी त्यांनी काय केले असते हा प्रश्न उरतोच. त्यांच्याजवळही नजरेवाचून दुसरे साधन नव्हते. तपासनीस स्वतंत्र असणे आवश्यक आहे, पण तेवढे पुरेसे नाही. त्याच्या हाती स्वतंत्र माप असणेही तितकेच आवश्यक आहे.

पीक कापणी प्रयोग : हबॅक, पानसे आणि सुखात्मे

हे माप पुढील तीन दशकांत तयार झाले. बिहार व ओरिसा प्रांतातील सनदी अधिकारी जॉन हबॅक यांनी १९२० च्या दशकात भाताच्या उताऱ्यासाठी यादृच्छिक पद्धतीने जागा निवडून लहान त्रिकोणी चौकटीतील पीक कापण्याचा प्रयोग केला. ‘यादृच्छिक’ याचा अर्थ वाटेल तशी निवडलेली जागा असा नव्हे. शेतातील प्रत्येक जागेस निवडले जाण्याची ज्ञात संधी असावी आणि निवड पाहणाऱ्याच्या इच्छेवर नव्हे, तर अंकांच्या सोडतीवर अवलंबून असावी, असा त्याचा अर्थ होय. कणकुतीतील उणीव येथे भरून निघाली. चांगले शेत व हलके शेत कोणते, हे आता कोणीच ठरवीत नव्हते.

बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी तागाच्या व पुढे भाताच्या पाहण्यांत ही पद्धत मोठ्या प्रमाणावर राबविली. दुसऱ्या बाजूस भारतीय कृषी संशोधन परिषदेत पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांनी महसूल यंत्रणेच्या साहाय्याने पीक कापणी प्रयोग विकसित केले. सुखात्मे यांचा जन्म १९११ मध्ये सातारा जिल्ह्यातील बुध येथे झाला. लंडनमध्ये संख्याशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन १९४० मध्ये ते परिषदेत दाखल झाले. पानसे यांनी कापसाच्या उताऱ्यावर काम केले आणि वऱ्हाडातील अकोला जिल्ह्यात १९४० च्या दशकाच्या प्रारंभी झालेली कापसाची पाहणी हा त्या कामाचा महत्त्वाचा टप्पा होता. ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर अॅग्रिकल्चरल वर्कर्स’ हा या दोघांचा ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला.

या काळात कापावयाचा खंड किती मोठा असावा यावर महालनोबिस आणि सुखात्मे यांच्या विचारधारांत तीव्र मतभेद झाले. हा वाद वरकरणी तांत्रिक वाटला, तरी आजच्या लेखापरीक्षकासाठी तो अत्यंत बोधप्रद आहे. लहान खंड कापणे स्वस्त व जलद असते, म्हणून तसे अनेक खंड घेता येतात. परंतु अतिलहान खंडांतून येणारा उतारा वास्तवाहून अधिक येतो, असे सुखात्मे यांनी प्रत्यक्ष तुलनेने दाखविले.

त्याचे कारण खंडाच्या कडेत आहे. कडेवरचे रोप आत धरावे की बाहेर, असा संभ्रम उत्पन्न होतो तेव्हा कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडे वळतो. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे १२.६ चौरस फूट असते आणि त्याचा परीघही सुमारे १२.६ फूट असतो. म्हणजे दर चौरस फुटामागे एक फूट कड येते. याउलट ३३ फूट लांब व १६.५ फूट रुंद खंडाचे क्षेत्रफळ ५४४.५ चौरस फूट, म्हणजे एकराचा ऐंशीवा भाग भरते आणि त्याची कड केवळ ९९ फूट असते. येथे दर चौरस फुटामागे कड एक पंचमांश फुटाहूनही कमी येते. संभ्रमाची जागाच कमी झाल्याने चूक घटते.

या वादातून चुकीचे दोन प्रकार स्पष्ट झाले. एक चूक नमुना लहान असल्याने होते. ती कधी वर, कधी खाली जाते आणि नमुन्यांची संख्या वाढविल्यास कमी होते. दुसरी चूक सदैव एकाच दिशेने होते. कडेवरचे रोप आत घेण्याची सवय असेल, तर दहा खंडांऐवजी हजार खंड कापले तरी उत्तर तितकेच चुकते. केवळ त्या चुकीच्या उत्तरावरील विश्वास वाढतो. खेड्यातील अंदाजांचा दोष या दुसऱ्या प्रकारचा होता आणि कंपनीच्या ताळेबंदातील दोषही बहुधा याच प्रकारचा असतो.

उभे पीक ताळेबंदात येते

आंतरराष्ट्रीय लेखा मानक ४१ हे केवळ शेतीसाठीचे मानक डिसेंबर २००० मध्ये संमत झाले आणि २००३ पासून लागू झाले. त्याची भारतीय आवृत्ती, भारतीय लेखा मानक ४१, २०१५ मध्ये अधिसूचित झाली आणि ज्या कंपन्यांना नवी मानके लागू आहेत त्यांच्यासाठी २०१६-१७ या वर्षापासून टप्प्याटप्प्याने अमलात आली. तत्पूर्वी उभ्या पिकावर झालेला खर्च तेवढाच मालमत्ता म्हणून दाखविण्याची रीत प्रचलित होती. नव्या मानकाने उभे पीक व पशुधन रास्त बाजारमूल्यातून विक्रीखर्च वजा करून दाखविण्याचे तत्त्व स्वीकारले. वर्षभरात त्या मूल्यात झालेली वाढ त्याच वर्षीच्या नफ्यात धरली जाते. याचा अर्थ पीक कापण्यापूर्वीच नफा जन्मास येतो आणि तो उताऱ्याच्या अंदाजावर उभा असतो.

अनेक वर्षे फळ देणाऱ्या झाडांबाबत मात्र २०१४ मध्ये वेगळा निर्णय झाला. चहाचे झुडूप, द्राक्षवेल यांसारख्या वनस्पती यंत्राप्रमाणे खर्चमूल्यावर दाखवाव्यात आणि त्यांवर वाढणारे उत्पन्न तेवढे रास्त मूल्यावर दाखवावे, असे ठरले. उसाच्या बाबतीत हा भेद एकाच बेटातून जातो. खोडव्यासाठी जमिनीत राहणारी मुळे ही एक मालमत्ता आणि त्यावर वाढणारा ऊस ही दुसरी. या विभागणीतून गैरवापराच्या दोन वाटा संभवतात. नेहमीच्या मशागतीचा खर्च नव्या लागणीचा म्हणून मुळांवर चढविता येतो आणि उभ्या उसाचा उतारा वाढवून सांगता येतो.

दक्षिण आफ्रिकेतील टोंगाट ह्युलेट या साखर कंपनीने मे २०१९ मध्ये मार्च २०१८ अखेरच्या वित्तीय विवरणांची फेरमांडणी करावी लागेल असे जाहीर केले. नोव्हेंबर २०१९ मध्ये चौकशीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जमीनविक्रीच्या नोंदींबरोबरच उसाच्या मुळांवर चढविलेला खर्च व उभ्या उसाचे मूल्यांकन हेही आक्षेपाचे विषय होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ही कंपनी पुनरुज्जीवन प्रक्रियेत गेली. खेड्यात अंदाज वाढविण्यात सरकारचे हित होते, येथे ते व्यवस्थापनाचे होते. दोन्ही ठिकाणी नजरेने केलेला अंदाज त्याच्या कर्त्यास सोयीच्या बाजूस झुकला.

एक उदाहरण : ऐंशी हेक्टर ऊस

उपर्युक्त तत्त्वांचे उपयोजन स्पष्ट व्हावे म्हणून पुढे एक काल्पनिक उदाहरण मांडले आहे. एका कृषी कंपनीने ३१ मार्च रोजी ८० हेक्टर पक्व ऊस उभा असल्याचे दाखविले. हा ऊस एप्रिलमध्ये तुटून कारखान्यास जाणार आहे. कंपनीने हेक्टरी उतारा १०० टन धरला आणि टनास ३,००० रुपये भावातून तोडणी व वाहतुकीचे ८०० रुपये वजा करून २,२०० रुपये शेतातील मूल्य धरले. त्यानुसार ८,००० टन उसाचे मूल्य १ कोटी ७६ लाख रुपये झाले.

पहिली तपासणी क्षेत्राची आहे. सातबारा उताऱ्यावरील क्षेत्र म्हणजे उसाखालील क्षेत्र नव्हे. त्यात बांध, पाट, विहीर व गाडीवाट यांचा समावेश असतो. पीक पाहणीची नोंद किंवा २०२१ पासून महाराष्ट्रात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीतील छायाचित्र यांवरून पीक कोणते होते हे कळते. परंतु ३१ मार्च रोजी ते उभे होते की तुटलेले, हे कळत नाही. लेखापरीक्षकाने शेतनिहाय नकाशा घेऊन प्रत्यक्ष फिरून मोजणी केली असता ४ हेक्टर बांध-वाटांखाली आढळले. ६ हेक्टर क्षेत्रावरील ऊस मार्चमध्येच तुटलेला होता. कारखान्याच्या वजनपावत्यांवरील तारखा व शेतातील फुटवे यांवरून ते सिद्ध झाले. निव्वळ उभे क्षेत्र ७० हेक्टर उरले.

दुसरी तपासणी उताऱ्याची आहे. लेखापरीक्षकाने कृषितज्ज्ञाच्या साहाय्याने दहा ठिकाणे निवडली. कोणते शेत, कितवी सरी आणि किती पावले, हे कार्यालयातच यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून ठरविले आणि शेताच्या व्यवस्थापकास आदल्या दिवशीपर्यंत सांगितले नाही. निवडलेली जागा तुटाळीत आली किंवा तेथील ऊस लोळलेला असला, तरी ती बदलावयाची नाही असा दंडक ठेवला. प्रत्यक्ष कामात हाच दंडक मोडण्याचा मोह सर्वाधिक होतो. ‘येथे पीक नेमके विरळ आहे, जरा पुढे घेऊ’ ही सूचना शेतकऱ्यास सहज वाटते आणि पाहुण्यास पटते. परंतु विरळ जागा हाही शेताचाच भाग असतो.

प्रत्येक ठिकाणी १० मीटर लांबी-रुंदीचा चौरस दोरीने आखला. कर्ण मोजून काटकोन तपासला. दोरीवरील उसाचे बूड आत असेल तरच तो ऊस घ्यावयाचा असे ठरविले. ऊस जमिनीलगत तोडला, वाढे छाटले, पाचट काढले आणि मोळ्या बांधून काट्यावर तोलल्या. वाढे व पाचट यांसह वजन केल्यास उतारा फुगतो. कारखाना पैसे देतो ते स्वच्छ उसाचे. चौरसाचे क्षेत्रफळ हेक्टरच्या शंभराव्या भागाइतके असल्याने त्यातील वजनाची शंभर पट म्हणजे हेक्टरी उतारा होय.

दहा खंडांतून आलेले उतारे हेक्टरी ६२, ७५, ७८, ८१, ८४, ८८, ९०, ९४, १०० आणि १०८ टन असे होते. त्यांची सरासरी ८६ टन आहे. खंडाखंडांतील तफावत विचारात घेता खरा सरासरी उतारा सुमारे ७७ ते ९५ टनांच्या दरम्यान असावा, असे ९५ टक्के विश्वासाने म्हणता येते. कंपनीचा १०० टनांचा अंदाज या मर्यादेबाहेर पडतो. दोन खंडांत १०० किंवा त्याहून अधिक उतारा आढळला, ही गोष्ट येथे लक्षणीय आहे. रस्त्यालगतचा ऊस दाखवून व्यवस्थापकास आपला अंदाज प्रामाणिकपणे सिद्धही करता आला असता. शंभर टनांचा ऊस शेतात होता, सर्व शेत मात्र तसे नव्हते.

यावरून ७० हेक्टरांवर ६,०२० टन ऊस आणि त्याचे मूल्य १ कोटी ३२ लाख ४४ हजार रुपये येते. कंपनीच्या आकड्याशी फरक ४३ लाख ५६ हजारांचा आहे. त्यांपैकी २२ लाख रुपये क्षेत्रातील चुकीमुळे व २१ लाख ५६ हजार रुपये उताऱ्यातील चुकीमुळे आलेले आहेत. आणेवारीच्या सूत्रात हे विभाजन शक्य नव्हते. प्रत्येक घटक स्वतंत्रपणे मोजल्याने ते शक्य झाले. क्षेत्रातील चूक वादातीत आहे. उताऱ्यातील आकड्यास मात्र वर दाखविलेली मर्यादा आहे. म्हणून लेखापरीक्षकाने ८६ हाच खरा उतारा आहे असे न म्हणता, १०० या अंदाजास आधार सापडत नाही, असे म्हणणे योग्य ठरते.

तिसरी तपासणी काळच करून देतो. लेखापरीक्षण अहवालावर सही होईपर्यंत बहुधा एप्रिलचा हंगाम उलटलेला असतो. ७० हेक्टरांतील ऊस तुटून कारखान्याच्या काट्यावर ५,९०० टन भरला असे समजू. मार्चच्या अंदाजाहून हे वजन थोडे कमी आहे. उन्हात तोड झालेला ऊस वाहतुकीत काही तास पडून राहिल्यास वाळतो, हे त्याचे संभाव्य कारण असू शकते. या पावत्या हा सर्वांत सबळ पुरावा होय. मात्र कारखाना त्याच समूहातील असेल, तर काटाही स्वतःचाच होतो आणि पुराव्याचे स्वातंत्र्य कमी होते. अशा वेळी गाळप व साखर उत्पादनाच्या नोंदींशी वजनाचा मेळ घालणे अगत्याचे ठरते.

कोवळ्या पिकाची मर्यादा

पीक कापणी प्रयोग पक्व पिकासच लागू पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये लागण झालेला आडसाली ऊस मार्चअखेर सुमारे आठ महिन्यांचा असतो आणि त्याची तोड पुढील गळीत हंगामात होते. आज त्याचे वजन करून पुढील उतारा कळत नाही. पाऊस, पाण्याची पाळी व रोगराई अद्याप शिल्लक असतात. येथे अपेक्षित उत्पन्नातून उरलेल्या महिन्यांचा खर्च वजा करून आजचे मूल्य काढले जाते आणि पुढील हंगामाचा भावही अंदाजानेच धरावा लागतो.

अशा वेळी लेखापरीक्षकास पिकाची नव्हे, तर अंदाज करणाऱ्याची परीक्षा घ्यावी लागते. मागील काही वर्षांत कंपनीने मार्चमध्ये किती उतारा सांगितला आणि तोडीनंतर किती आला, हे शेजारी मांडून पाहावे. अंदाज काही वर्षी वर व काही वर्षी खाली चुकला असेल, तर तो हवामानाचा खेळ समजावा. दरवर्षी तो वरच चुकत असेल, तर सुखात्मे यांनी दाखविलेली एकाच दिशेची चूक येथे उपस्थित आहे असे समजावे.

पशुधन : मोजता येणारी, पण चालणारी मालमत्ता

पिकाचे क्षेत्र स्थिर असते आणि उतारा अज्ञात असतो. जनावरांच्या बाबतीत नेमके उलट घडते. प्रत्येक जनावर मोजता येते, परंतु ते जागा बदलते. एकच कालवड सकाळी एका गोठ्यात व दुपारी दुसऱ्या गोठ्यात मोजली जाणे अशक्य नाही. म्हणून सर्व गोठ्यांची मोजणी एकाच वेळी, ये-जा बंद ठेवून करावी, मोजलेल्या जनावरास रंगाची खूण करावी आणि कानातील बिल्ल्याचा क्रमांक नोंदवहीशी पडताळावा. वय हा मूल्याचा मोठा घटक असल्याने दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेले, हे पशुवैद्यकाकरवी काही जनावरांत तपासून घ्यावे.

येथेही मोजणीइतकाच जीवशास्त्राचा साधा हिशेब उपयोगी पडतो. समजा, वर्षारंभी ४०० जनावरे होती, १९० वासरे जन्मली, ४० जनावरे मृत झाली आणि १३० विकली गेली. नोंदवहीप्रमाणे ४२० जनावरे शिल्लक हवीत, प्रत्यक्षात ३९२ आढळली. २८ जनावरे कोठे गेली, याचा शोध सामान्यतः चोरी किंवा न नोंदविलेली विक्री या दिशेने सुरू होतो. परंतु कळपातील विण्यायोग्य गाई १८० असतील आणि दोन वेतांतील अंतर साधारणतः १३ ते १५ महिने असेल, तर वर्षभरात सुमारे १४४ ते १६६ वासरेच संभवतात. १९० वासरांची नोंद गाईंच्या क्षमतेबाहेरची आहे. हरवलेली जनावरे बहुधा जन्मलीच नव्हती. मृत जनावरांच्या बाबतीत पशुवैद्यकाचा दाखला व काढून ठेवलेला बिल्ला मागावा. कारण न जन्मलेले वासरू हिशेबातून काढून टाकण्याची सोपी रीत म्हणजे पुढील वर्षी त्यास मृत दाखविणे होय.

निष्कर्ष

उपर्युक्त विवेचनावरून असे दिसून येते की, उभ्या पिकाच्या अंदाजाचा इतिहास हा अंदाज करणाऱ्याच्या हातून निवडीचा अधिकार क्रमाक्रमाने काढून घेण्याचा इतिहास आहे. कणकुतीने शंकेच्या वेळी कापणी मान्य केली, पण जागेची निवड जाणकाराकडेच ठेवली. आणेवारीत कापणीही उरली नाही आणि खेड्यात त्याचे परिणाम दिसून आले. पीक कापणी प्रयोगाने जागा सोडतीवर सोपविली आणि खंडाच्या कडेवर हात कोठे वळतो हेही दाखवून दिले.

पुढे आण्यांची जागा पैशांनी घेतली आणि ५० पैशांची पैसेवारी ही टंचाईची रेषा म्हणून महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या परिचयाची झाली. कृषी कंपनीचा ताळेबंद हा त्याच जुन्या प्रश्नाचा नवा प्रसंग होय. तेथे साऱ्याऐवजी नफा व शेतकऱ्याऐवजी भागधारक आहे. व्यवस्थापकाबरोबर शेतात फिरून, त्याने दाखविलेला ऊस पाहून आणि ‘पीक समाधानकारक आहे’ अशी नोंद करून परतणारा लेखापरीक्षक १९१८ मधील नजरपाहणीच पुन्हा करीत असतो. शेतात जाण्यापूर्वी जागांची सोडत काढणे, वाढे-पाचट वगळून वजन करणे आणि सहीपूर्वी काट्याच्या पावत्या पाहणे या तीन कृतींनी त्याची पाहणी परीक्षणाच्या पदवीस पोहोचते.